केवळ तपासणीसाठी रुग्णालय-प्रवेश : मेडिक्लेम विम्यातील एका अपवर्जन कलमाचा इतिहास

प्रस्तावना

आरोग्यविम्याचा दावा फेटाळल्याचे पत्र ज्यांनी वाचले आहे त्यांना एक वाक्य परिचित असेल. रुग्णास केवळ तपासणी व निदानासाठी दाखल करण्यात आले होते, कोणताही सक्रिय उपचार देण्यात आला नाही, सबब दावा देय नाही, अशा आशयाचे ते वाक्य असते. वाचणाऱ्यास ते अन्यायकारक वाटते, कारण तो स्वतःच्या हौसेने रुग्णालयात गेलेला नसतो. छातीत कळ आली, चक्कर येऊन पडला, शुद्ध हरपली, म्हणून डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलेले असते. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र हे वाक्य विमाकराराच्या एका जुन्या कलमावर आधारलेले असते. हे कलम कोठून आले, त्याचे शब्द कसे बदलले आणि त्यातील कोणता भाग प्रत्यक्ष करारात आहे व कोणता केवळ व्यवहारात रूढ झाला आहे, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. विवेचन भारतातील मेडिक्लेम विम्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

कलमाची पूर्वपीठिका

भारतातील सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले व १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक खाजगी कंपन्यांचे चार कंपन्यांत विलीनीकरण करण्यात आले. मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया या त्या चार कंपन्या होत. याच कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम नावाची पॉलिसी सामान्य नागरिकांसाठी बाजारात आणली. त्यापूर्वी कामगारांसाठी १९४८ च्या कायद्यान्वये कर्मचारी राज्य विमा योजना होती आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९५४ पासून आरोग्य योजना होती. या दोन्ही व्यवस्थांत दवाखाना, तपासणी, औषध व रुग्णालय हे सर्व एकाच सेवेचे भाग होते. म्हणूनच तेथे निदान आणि उपचार यांच्यामध्ये रेघ ओढण्याची निकड कधी भासली नाही.

मेडिक्लेमचे स्वरूप मुळातच वेगळे होते. ही योजना चालविणाऱ्या कंपन्या आग, सागरी वाहतूक, मोटार यांचा विमा उतरविणाऱ्या होत्या आणि त्या विम्यामागील विचारपद्धती त्यांनी आरोग्यास लावली. आगीच्या विम्यात आग लागली तर नुकसानभरपाई मिळते. इमारतीतील विजेच्या तारा ठीक आहेत की नाहीत हे तपासण्याचा खर्च मालकाचा असतो. हाच न्याय शरीरास लावला की आजार ही घटना, त्यावरील उपचाराचा खर्च हे नुकसान आणि आजार आहे की नाही हे पाहण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे मालकाने स्वतः करावयाची देखभाल असे समीकरण तयार होते. अडचण एवढीच की आग लागली आहे की नाही हे रस्त्यावरूनही दिसते. हृदयविकाराचा झटका आला आहे की अपचनाची कळ आहे, हे मात्र तपासणीशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.

या कलमामागे आणखी एक व्यावहारिक कारण होते आणि ते भारताबाहेर आधीच अनुभवास आले होते. अमेरिकेत १९२९ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस येथील बेलर रुग्णालयाने तेथील शिक्षकांसाठी दरमहा ५० सेंट वर्गणीची एक योजना सुरू केली. त्याबदल्यात वर्षाकाठी २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातील सेवा मिळे. (आरोग्यविम्याच्या या प्रयोगाचे पहिले सभासद शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील वाचकांना नोंदवावीशी वाटेल.) पुढे ब्ल्यू क्रॉस या नावाने पसरलेल्या योजनांचे ते बीज मानले जाते. या योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांचाच खर्च देत. त्यामुळे जी क्ष-किरण वा रक्त तपासणी बाहेरच्या बाहेर होऊ शकली असती ती योजनेत बसावी म्हणून रुग्णास एक-दोन दिवस खाट देण्याची प्रवृत्ती वाढली. त्यास आळा घालण्यासाठी मुख्यतः निदानासाठी झालेला प्रवेश करारांतून वगळण्यात येऊ लागला. आपल्या मेडिक्लेमची रचनाही अशीच, खाट मिळाली तरच पैसे देणारी होती. किमान २४ तास रुग्णालयात राहणे ही तिची मुख्य अट होती. डायलिसिस, केमोथेरपी, डोळ्यांची शस्त्रक्रिया अशा मोजक्या बाबींना तीतून सूट होती. बाह्यरुग्ण विभागातील खर्च विम्याच्या हप्त्यात धरलेलाच नव्हता. ज्या दारातून आत गेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत त्या दारावर पहारेकरी हवा, आणि हे कलम म्हणजे तो पहारेकरी होय.

जुने शब्द आणि त्यांचा अर्थ

मेडिक्लेमच्या जुन्या पॉलिसीत हे कलम ४.१० या क्रमांकाने ओळखले जाई. त्याची इंग्रजी वाक्यरचना बरीच गुंतागुंतीची होती. त्याचा आशय असा की, ज्या आजारासाठी किंवा दुखापतीसाठी रुग्णालयात राहणे आवश्यक आहे असा आजार निश्चितपणे अस्तित्वात असल्याच्या निदानाशी व उपचाराशी सुसंगत किंवा आनुषंगिक नसलेल्या, मुख्यतः निदानाच्या हेतूने केलेल्या क्ष-किरण, प्रयोगशाळा व इतर तपासण्यांचा रुग्णालयीन आकार कंपनी देणार नाही.

या वाक्यातील 'निश्चित अस्तित्व' या शब्दांवर सर्व भार आहे. त्यांचा शब्दशः अर्थ घेतला तर तपासणीत आजार सापडला तर ती तपासणी देय आणि काहीच सापडले नाही तर तीच तपासणी अदेय ठरते. म्हणजे खर्चाची योग्यता खर्च करतानाच्या परिस्थितीवरून न ठरता नंतर आलेल्या अहवालावरून ठरते. रुग्णाच्या दृष्टीने याचा विपरीत परिणाम असा की अहवाल स्वच्छ आला याचा आनंद होतो त्याच दिवशी दावा धोक्यात येतो. दाव्यांवरून अनेक वर्षे जे वाद झाले त्यांच्या मुळाशी हा पश्चात्दृष्टीचा दोष होता, असे माझे मत आहे.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाची स्थापना १९९९ च्या कायद्याने झाली. २००१ मध्ये त्रयस्थ प्रशासकांसंबंधीचे विनियम आले आणि दाव्यांची छाननी टीपीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थांकडे जाऊ लागली. येथे कलमाच्या इतिहासास नवे वळण मिळाले. दाव्याचे कागद आता विमा अधिकाऱ्याऐवजी टीपीएतील डॉक्टर पाहू लागला. त्याला शेकडो प्रकरणे थोड्या वेळात निकालात काढावयाची असतात. 'निश्चित अस्तित्व' यासारख्या वकिली शब्दांपेक्षा त्याला एक सोपी खूण हवी होती, आणि ती त्याला औषधांच्या तक्त्यात मिळाली. शिरेतून औषध दिले आहे काय? सलाईन आहे काय? की केवळ गोळ्या दिल्या आहेत? गोळ्या घरीही घेता येतात. सबब दाखल होण्याची गरज नव्हती. सबब प्रवेश तपासणीसाठीच होता. 'सक्रिय उपचार नाही' हा वाक्प्रचार या तर्कसाखळीचे संक्षिप्त रूप आहे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की हे शब्द मेडिक्लेमच्या ४.१० या कलमात नाहीत आणि पुढे २०१९ मध्ये ठरलेल्या प्रमाण कलमातही नाहीत. एखाद्या कंपनीने आपल्या करारात ते घातले असतील तर गोष्ट वेगळी. एरवी ती छाननी करणाऱ्याची फूटपट्टी आहे, कराराची अट नव्हे.

२०१३ आणि २०१९ चे बदल

निरनिराळ्या कंपन्यांच्या पॉलिसींतील शब्द एकसारखे असावेत म्हणून प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१३ मध्ये काही संज्ञांच्या प्रमाण व्याख्या दिल्या. त्यांतील 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' उपचाराची व्याख्या आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही अशी माझी तक्रार आहे. या व्याख्येत उपचार व औषधे यांच्याबरोबरच तपासण्या आणि रुग्णालयातील वास्तव्य यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आजाराच्या वैद्यकीय व्यवस्थापनासाठी ते आवश्यक असावे, सुरक्षित व पुरेशा सेवेला लागते त्याहून अधिक नसावे, डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे आणि सर्वमान्य वैद्यकीय मानकांना धरून असावे, या तिच्या कसोट्या आहेत. शिरेतून औषध दिलेच पाहिजे असे ती कोठेही म्हणत नाही. रुग्णावर काही तास यंत्राद्वारे लक्ष ठेवणे हेही त्या अवस्थेतील व्यवस्थापन असू शकते, ही गोष्ट या व्याख्येत सामावलेली आहे.

२७ सप्टेंबर २०१९ रोजी प्राधिकरणाने अपवर्जनांच्या प्रमाणीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रत्येक अपवर्जनास संकेतांक मिळाला आणि आपल्या कलमाच्या वाट्यास चौथा क्रमांक आला. जुन्या पॉलिसींनाही ही भाषा १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. नव्या कलमाचे दोन भाग आहेत. पहिल्यानुसार, प्रामुख्याने केवळ निदान व मूल्यमापनाच्या हेतूने झालेल्या प्रवेशाचा खर्च वगळला आहे. दुसऱ्यानुसार, चालू निदानाशी व उपचाराशी संबंधित वा आनुषंगिक नसलेल्या तपासण्यांचा खर्च वगळला आहे.

जुन्या कलमाशी तुलना करता एक मूलभूत फरक दिसतो. 'निश्चित अस्तित्व' गेले आणि त्याजागी 'हेतू' आला. प्रवेशाचा हेतू प्रवेशाच्या क्षणी ठरतो, अहवाल आल्यानंतर नव्हे. त्यामुळे पश्चात्दृष्टीचा दोष निदान शब्दांपुरता तरी दूर झाला. परंतु त्याच वाक्यात 'प्रामुख्याने' आणि 'केवळ' हे दोन शब्द एकत्र आले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. जे प्रामुख्याने निदानासाठी आहे त्यात थोडा उपचारही असू शकतो. जे केवळ निदानासाठी आहे त्यात तो असूच शकत नाही. कंपनी 'प्रामुख्याने'वर बोट ठेवते, विमाधारक 'केवळ'वर. करारातील संदिग्धतेचा अर्थ करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जनरल अॅश्युरन्स सोसायटीच्या खटल्यात १९६६ मध्येच मान्य केले आहे. अपवर्जन कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, हेही २००७ च्या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले आहे. या दोन तत्त्वांच्या प्रकाशात वाचल्यास 'केवळ' या शब्दाचे पारडे जड ठरावे.

एक दावा उदाहरणादाखल

वरील विवेचन कागदोपत्री कसे दिसते हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. अशा दाव्यांत नेहमी आढळणाऱ्या बाबी एकत्र करून ते रचले आहे. त्यातील रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून आहेत.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ५८ वर्षांच्या गृहस्थांना रात्री दोन वाजता छातीत दाबल्यासारखे दुखू लागते, घाम फुटतो. मुलगा त्यांना शहरातील रुग्णालयात नेतो. ईसीजीत किंचित बदल आहेत, पण ते निर्णायक नाहीत. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले जाते. अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आणि पोटाच्या त्वचेखाली एनॉक्सापॅरिनची दोन इंजेक्शने दिली जातात. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूस इजा झाल्याचे दाखविणारी रक्त तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा होते; दोन्ही वेळा ती सामान्य येते. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी होते. रक्तवाहिन्यांत अडथळा नाही. चाळीस तासांनी त्यांना घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिले जाते, 'हृदयाव्यतिरिक्त कारणाने छातीदुखी', आणि वर एक ओळ, 'पुढील मूल्यमापनासाठी दाखल'.

बिल ४६,००० रुपयांचे होते. त्यात खोली व अतिदक्षता विभागाचे १४,०००, अँजिओग्राफीचे १८,०००, प्रयोगशाळेचे ७,५००, औषधांचे ३,२०० आणि डॉक्टरांच्या भेटींचे ३,३०० रुपये आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम, २५,५०० रुपये, तपासण्यांची आहे. छाननी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी येतात : बिलात तपासण्यांचा वाटा मोठा, अहवाल सामान्य आणि कार्डावर 'मूल्यमापनासाठी' हा शब्द. दावा फेटाळला जातो.

हा निर्णय करारास धरून आहे काय? प्रवेशाच्या क्षणी काय ठाऊक होते ते पाहिले पाहिजे. त्या वेळी झटक्याची वाजवी शंका होती, आणि शंका फिटेपर्यंत उपचार थांबविणे धोक्याचे होते. म्हणूनच इंजेक्शने दिली. रक्त गोठू न देणारे औषध ही तपासणी नव्हे. रक्तस्रावाचा धोका पत्करून दिलेला तो उपचार आहे. म्हणजे 'केवळ' निदानासाठी प्रवेश झाला नाही. कलमाच्या दुसऱ्या भागाचे काय? ईसीजी, ट्रोपोनिन, अँजिओग्राफी या तिन्ही तपासण्या ज्या तक्रारीसाठी रुग्ण आला तिच्याशीच निगडित आहेत. याच बिलात कोणी थायरॉइड, जीवनसत्त्व ड आणि पोटाची सोनोग्राफी घुसडली असती, तर तेवढी रक्कम वजा करणे योग्य ठरले असते, आणि तेवढीच. 

आता याच गृहस्थांची कथा थोडी बदलू. त्यांना काहीच त्रास नाही. वार्षिक तपासणीत ट्रेडमिल चाचणी शंकास्पद आली, म्हणून सोयीच्या तारखेस ते दाखल झाले, अँजिओग्राफी झाली, ती सामान्य आली आणि दुसऱ्या सकाळी ते घरी गेले. येथे कलम पूर्णतः लागू होते, आणि माझ्या मते ते तसे लागू होणे चुकीचे नाही. तिसरी शक्यता अशी की या नियोजित अँजिओग्राफीत अडथळा सापडला आणि दहा दिवसांनी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा तीच अँजिओग्राफी प्रवेशपूर्व खर्च म्हणून देय ठरते, कारण मेडिक्लेममध्ये दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांतील त्याच आजाराचा खर्च धरण्याची पद्धत आहे. तपासणी तीच, यंत्र तेच, दर तोच. पण तिच्यामागे उपचाराचा प्रवेश उभा राहिला की ती विम्याच्या कक्षेत येते. तपासणीला या करारात स्वतंत्र अस्तित्व नाही, ती नेहमी उपचाराच्या बोटाला धरून चालते.

खुणेचा उलट परिणाम

सलाईन ही उपचाराची खूण मानली जाते हे रुग्णालयांना कळल्यावर काय होणार हे सांगावयास नको. ज्यास सलाईनची गरज नाही त्यास ती लावली जाते. गोळीने भागत असता तेच औषध इंजेक्शनातून दिले जाते. विसाव्या तासास घरी जाऊ शकणारा रुग्ण पंचविसाव्या तासापर्यंत ठेवला जातो. खोट्या उपचारास आळा घालण्यासाठी निर्माण झालेली कसोटीच अनावश्यक उपचारास जन्म देते. याउलट जो डॉक्टर प्रामाणिकपणे फक्त निरीक्षण करतो आणि कार्डावर तसे लिहितो, त्याचा रुग्ण पैशाला मुकतो. डोक्यास मार लागलेल्या रुग्णाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. सीटी स्कॅन सामान्य असला तरी काही रुग्णांना एक दिवस देखरेखीखाली ठेवणे शास्त्रशुद्ध असते, आणि त्या दिवशी द्यावयाचा उपचार म्हणजे ठरावीक अंतराने शुद्ध, बाहुल्या, नाडी व रक्तदाब पाहणे एवढाच असतो. हे काम घरी होत नाही.

कोविडच्या साथीत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. २०२० मध्ये सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी घरीच विलगीकरणात राहावे अशी शासकीय मार्गदर्शक तत्त्वे आली आणि दाखल झालेल्या सौम्य रुग्णांचे दावे सक्रिय उपचार नाही, या कारणाने नाकारले जाऊ लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या कोरोना कवच या प्रमाण पॉलिसीत घरी घेतलेल्या उपचाराचा खर्चही समाविष्ट केला होता. खाटेवाचून उपचार असू शकतो, हे विमाकरारात इतक्या ठळकपणे मान्य होण्यास साथ यावी लागली.

पत्र आल्यानंतर

नाकारलेल्या दाव्याचे भवितव्य बहुधा आंतररुग्ण नोंदींवर ठरते, डिस्चार्ज कार्डावर नव्हे. कार्ड हा सारांश असतो आणि निवासी डॉक्टर तो घाईत, ठरावीक शब्दांत लिहितात. 'मूल्यमापन व व्यवस्थापनासाठी दाखल' या साच्यातील दुसरा शब्द गळून पडला तरी दाव्याचे चित्र पालटते. माझ्या एका सहकाऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. रुग्णालयाने नंतर दुरुस्त कार्ड दिले, पण कंपनीने ते पश्चात्बुद्धीचे मानले. त्यांच्या उपयोगी पडला तो परिचारिकांच्या हातचा तक्ता, ज्यात प्रत्येक औषधाची वेळ व मात्रा त्या त्या क्षणी नोंदलेली होती. प्रवेशाच्या वेळची तपासणी-टिप्पणी, औषधांचा तक्ता आणि नाडी-रक्तदाबाच्या तासागणिक नोंदी या तीन कागदांच्या प्रती रुग्णाने मागून घ्याव्यात, कारण हेतू सिद्ध होतो तो त्यांतून.

मे २०२४ च्या प्राधिकरणाच्या मुख्य परिपत्रकानुसार कोणताही दावा कंपनीच्या समितीच्या मान्यतेवाचून फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो. 'सक्रिय उपचार नाही' एवढेच लिहून आता भागू नये. पॉलिसीत ती अट कोठे आहे असे पत्राने विचारले, तर कंपनीस चौथ्या संकेतांकाकडे यावे लागते, आणि तेथे पुन्हा 'प्रामुख्याने केवळ' हे शब्द आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार नाकारली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. तेथे वकील उभा करता येत नाही. विमाधारकास स्वतःच सांगावे लागते की त्या रात्री दोन वाजता डॉक्टरांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते.